चलनावर १९४सी, हवे होते १९४जे

पुण्यातली एक गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांपुढे आणा. इमारत जुनी, पुनर्विकासाचे ठरलेले, त्यासाठी आर्किटेक्ट नेमलेले. १० जुलै २०२५ रोजी सोसायटीने त्यांच्या ३ लाख रुपयांच्या फीचे बिल चुकते केले. व्यावसायिक फीवर दहा टक्के टीडीएस कापायचा हे खजिनदारांना ठाऊक होते. त्यांनी ३० हजार रुपये कापले आणि आर्किटेक्टच्या खात्यावर २ लाख ७० हजार पाठवले. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत भरायचा असतो. ६ ऑगस्टला खजिनदार आयकर खात्याच्या पोर्टलवर ई-पे टॅक्सच्या पानावर बसले. टीडीएससाठीचे २८१ क्रमांकाचे चलन उघडले आणि कलमांच्या लांबलचक यादीत `94J-B` ऐवजी `94C` वर क्लिक केले. पैसे गेले, चलन छापून आले. त्यावर कलम होते १९४सी, म्हणजे कंत्राटदाराचे.

काही दिवसांनी हिशेबनीसाच्या लक्षात ही गोष्ट आली आणि धावपळ सुरू झाली. बँकेत विचारले तर उत्तर मिळाले की ऑनलाइन भरलेल्या चलनाला आम्ही हात लावू शकत नाही. कुणी सुचवले, आयकर कार्यालयात अर्ज द्या. कुणी म्हणाले, योग्य कलमाखाली ३० हजार पुन्हा भरून टाका, आधीचे परत मागता येतील. हा शेवटचा सल्ला सर्वांत महागात पडणारा आहे. खात्यात एकदा जमा झालेला टीडीएस परत मिळवण्याची वाट लांब आहे, आणि या प्रकरणात त्या वाटेने जाण्याची गरजच नाही.

खरे तर या सोसायटीला चलन दुरुस्त करून घेण्याचीही गरज नाही. का, ते समजून घ्यायचे तर टीडीएसचे कलम कुठे कुठे नोंदले जाते आणि त्यातली कुठली नोंद आयकर खाते प्रत्यक्षात वापरते, हे पाहावे लागते.

कलमाची पहिली नोंद चलनावर असते. दुसरी नोंद तिमाही टीडीएस रिटर्नमध्ये होते. पगाराखेरीज निवासी व्यक्तींना केलेल्या देयकांसाठी हे रिटर्न फॉर्म २६क्यूमध्ये भरले जाते. त्यात ज्याचा कर कापला त्या प्रत्येकाची एक ओळ असते: पॅन, दिलेली रक्कम, कापलेला कर, दर आणि कलम. तिसरी नोंद कर कापला गेलेल्या माणसाच्या २६एएसमध्ये उमटते आणि ती रिटर्नमधल्या त्या ओळीवरून येते. चलनावरचे कलम आर्किटेक्टच्या २६एएसपर्यंत पोचतच नाही.

रिटर्न आल्यावर गाझियाबादजवळच्या वैशालीतले टीडीएसचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र रिटर्नमध्ये लिहिलेले चलन आणि बँकेकडून आलेली चलनाची नोंद यांची जुळणी करते. त्यासाठी कर कापणाऱ्याचा टॅन, बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, पैसे भरल्याची तारीख, चलनाचा पाच अंकी अनुक्रमांक आणि रक्कम लागते. कलम या जुळणीत नसते. २०१३-१४ या आर्थिक वर्षापासून रिटर्नचा नमुनाच बदलला. त्याआधी कलम चलनाच्या तपशिलात लिहिले जाई. आता ते प्रत्येक व्यक्तीच्या ओळीत लिहायचे असते. त्यामुळे एका चलनाच्या रकमेतून कंत्राटदाराचा, वकिलाचा आणि घरमालकाचा कर एकत्र दाखवता येतो आणि प्रत्येकाच्या ओळीत त्याचे त्याचे कलम लावता येते.

सोसायटीचा मार्ग इथे मोकळा होतो. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीच्या रिटर्नची मुदत ३१ ऑक्टोबर होती. रिटर्न अजून भरलेले नसेल, तर ६ ऑगस्टचे तेच चलन रिटर्नमध्ये जसेच्या तसे घ्यायचे आणि आर्किटेक्टच्या ओळीत `94J-B` निवडायचे. दर दहा टक्के, रक्कम ३ लाख, कर ३० हजार. जुळणी होते, फॉर्म १६ए वर १९४जे येते आणि आर्किटेक्टच्या २६एएसमध्येही तेच दिसते. चलनावरचे `94C` सोसायटीच्या फाइलीत राहून जाते. लेखापरीक्षकासाठी फाइलीत एक टीप जोडून ठेवली की पुरे.

रिटर्न भरून झाले असेल आणि त्यातही चुकीचे कलम गेले असेल, तर गोष्ट वेगळी होते. मात्र तेव्हाही दुरुस्ती रिटर्नमध्येच करायची असते, चलनात नाही.

ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलवरून आधी भरलेल्या रिटर्नची एकत्रित फाइल मागवता येते. तिला सगळे जण कॉन्सो फाइल म्हणतात. ती रिटर्न तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, चुकलेल्या ओळीतले कलम बदलायचे, फाइल तपासून घ्यायची आणि करेक्शन रिटर्न म्हणून पुन्हा भरायची. प्रक्रिया पूर्ण झाली की आर्किटेक्टच्या २६एएसमधले कलम बदलते. त्यानंतर सोसायटीने फॉर्म १६ए नव्याने डाउनलोड करून त्यांना द्यायचा असतो. हे अनेकदा राहून जाते आणि आर्किटेक्टच्या सीएकडे जुनाच कागद पडून राहतो.

चूक कुठे झाली आहे हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण खात्याच्या नोटिशीत मिळते. रिटर्नची प्रक्रिया कलम २००ए खाली होते आणि काही बिघडले असेल तर कर कापणाऱ्याला सूचना येते. तीत दोन शब्दप्रयोग वरचेवर दिसतात. एक ‘शॉर्ट पेमेंट’, दुसरा ‘शॉर्ट डिडक्शन’. शॉर्ट पेमेंटचा अर्थ असा की रिटर्नमध्ये दाखवलेला कर आणि सापडलेले चलन यांचा मेळ बसत नाही. बीएसआर कोडचा अंक चुकला, तारीख चुकली, टॅन दुसराच पडला किंवा चलनातली शिल्लक आधीच वापरली गेली, तर ही सूचना येते. चलन तपासण्याची वेळ हीच. शॉर्ट डिडक्शनचा अर्थ असा की ओळीतल्या कलमाच्या दरापेक्षा कर कमी कापलेला दिसतो. इथे चलन पाहत बसून काही सापडत नाही. ओळीतले कलम आणि दर पाहायचे.

आर्किटेक्टला त्याच्या बाजूनेही खूण मिळते. २६एएसमध्ये प्रत्येक नोंदीपुढे एक इंग्रजी अक्षर असते. `F` म्हणजे जुळणी अंतिम झाली. `U` म्हणजे चलनाशी जुळणी झालेली नाही. चलनावरचे कलम चुकले म्हणून `U` येत नाही. `U` दिसत असेल, तर चलनाचा क्रमांक, तारीख किंवा रक्कम यांत दोष आहे असे समजून कर कापणाऱ्याला तसे कळवायचे.

याच्या उलट चूक पाहिली की दोन्ही सूचनांमधला फरक आणखी स्पष्ट होतो. समजा, याच सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी एका कंत्राटदाराला ४ लाख रुपये दिले. कंत्राटदार व्यक्ती असल्याने दर एक टक्का, कर ४ हजार. चलनही बरोबर `94C` खाली भरले गेले. पण रिटर्न भरणाऱ्या मुलाने वरच्या ओळीतले `94J-B` खाली तसेच ओढून घेतले. केंद्राच्या संगणकाने दहा टक्क्यांचा हिशेब केला: ४० हजार हवे होते, कापले ४ हजार, कमी पडले ३६ हजार, आणि त्यावर व्याज. सोसायटीच्या नावावर मागणी उभी राहिली. यात सरकारचा एक रुपयाही बुडालेला नाही आणि चलनातही काही चुकलेले नाही. करेक्शन रिटर्नमध्ये ओळीतले कलम `94C` केले की मागणी निघून जाते. नोटीस पाहताच घाबरून ३६ हजार भरणाऱ्या संस्थांना नंतर ती रक्कम पुढच्या तिमाहीत वळती करत बसावे लागते.

या चुकीचा कंत्राटदारालाही त्रास होतो. छोटा कंत्राटदार बहुधा कलम ४४एडीखाली अनुमानित उत्पन्न दाखवतो, म्हणजे उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या पैशांवर सहा टक्के. व्यावसायिकासाठीची तरतूद ४४एडीए आहे आणि तिथे निम्मी मिळकत उत्पन्न धरली जाते. कंत्राटदाराच्या २६एएसमध्ये १९४जे उमटले, तर त्याचे रिटर्न तपासताना प्रश्न निघू शकतो: ही व्यावसायिक फी दिसते आहे, मग पन्नास टक्के का दाखवले नाहीत? त्याला करार, बिल, मोजमापांची नोंद दाखवून उत्तर द्यावे लागते. कराचे क्रेडिट मात्र त्याला मिळते, कारण क्रेडिट पॅनवर पडते, कलमावर नाही. म्हणून अशा माणसाने पहिले पत्र सोसायटीला लिहावे. दुसऱ्याच्या रिटर्नमधली ओळ त्याला किंवा त्याच्या सीएला बदलता येत नाही, आणि त्याच्या कर निर्धारण अधिकाऱ्यालाही नाही.

तिसरा प्रकार खरोखर महाग पडतो. त्यात कलम चुकले म्हणून दरही चुकलेला असतो. समजा, सोसायटीने आर्किटेक्टला कंत्राटदार समजून एकच टक्का कापला: ३ लाखांवर ३ हजार. चलन `94C`, रिटर्नमध्येही `94C`. सगळे एकमेकांशी जुळते, त्यामुळे संगणक गप्प राहतो. चूक लेखापरीक्षणात किंवा खात्याच्या तपासणीत बाहेर येते. आता चलनावरचे कलम बदलून काही होणार नाही, कारण सरकारला मिळायचे २७ हजार मिळालेलेच नाहीत. सोसायटीने ही रक्कम भरायची, त्यावर कलम २०१(१ए) खाली दरमहा एक टक्का व्याज भरायचे आणि करेक्शन रिटर्नमध्ये नवे चलन जोडून ओळ सुधारायची. ट्रेसेसवरच्या हिशेबात महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जातो. कर १० जुलैला कापायला हवा होता आणि उरलेला १५ नोव्हेंबरला कापून त्याच दिवशी भरला, तर जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने होतात. २७ हजारांचे पाच टक्के म्हणजे १,३५० रुपये. कर एकदा कापून खात्यात न भरता ठेवला असेल, तर व्याजाचा दर महिन्याला दीड टक्का असतो.

आर्किटेक्टने तोवर स्वतःचे रिटर्न भरून त्या ३ लाखांवर पूर्ण कर दिला असेल, तर कायद्याने एक दार ठेवले आहे. सीएने फॉर्म २६ए मध्ये तसे प्रमाणित केले की कर कापणारा ‘कसूरदार’ ठरत नाही आणि कराची रक्कम त्याच्याकडून पुन्हा घेतली जात नाही. व्याज मात्र सुटत नाही. ते आर्किटेक्टने रिटर्न भरल्याच्या तारखेपर्यंत मोजले जाते.

धंदा करणाऱ्यांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. टीडीएस न कापलेल्या खर्चाचा तीस टक्के भाग कलम ४०(ए)(आयए) खाली उत्पन्नातून वजा होऊ दिला जात नाही. कर कापला, पण चुकीच्या कलमाखाली आणि कमी कापला, तर ही तरतूद लागते का? कोलकाता उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, यंत्रांच्या भाड्यावर दहा टक्क्यांऐवजी एक टक्का कापलेल्या प्रकरणात, लागत नाही असे म्हटले. केरळ उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका रुग्णालयाच्या प्रकरणात उलट भूमिका घेतली. तिथे १९४जे ऐवजी १९४सी लावले गेले होते, आणि न्यायालयाच्या मते कर योग्य तरतुदीखाली कापला तरच तो कापला असे म्हणता येते. दोन उच्च न्यायालयांनी दोन दिशांना निकाल दिले असताना हा धोका पत्करण्यापेक्षा वर्षअखेरीस लेजर उघडून कलमे पडताळून घेणे स्वस्त पडते.

कलम निवडताना घोळ होतो तो बहुतेक वेळा १९४सी आणि १९४जे या जोडीतच. एकात काम आहे, दुसऱ्यात कौशल्य आहे, आणि व्यवहारात दोन्ही एकाच बिलावर येतात. जाहिरात संस्थेला दिलेल्या पैशांबाबत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ८ ऑगस्ट १९९५ च्या ७१५ क्रमांकाच्या परिपत्रकात खुलासा केला की जाहिरातदाराने संस्थेला पैसे देताना १९४सी लावायचे, आणि तीच संस्था कलाकाराला पैसे देते तेव्हा १९४जे. आरोग्य विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीए कंपन्या रुग्णालयांना पैसे देतात तेव्हा १९४जे लागते, असे २००९ च्या ८ क्रमांकाच्या परिपत्रकाने सांगितले. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१० मध्ये १९४जे चा अर्थ मान्य केला, मात्र परिपत्रकातला दंडाबद्दलचा भाग रद्द केला. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून १९४सी मधली ‘कामा’ची व्याख्याच बदलली: १९४जे(१) मध्ये बसणारी रक्कम ‘काम’ धरायची नाही, असे कायद्यात लिहिले गेले. व्यावसायिक फीवर एक-दोन टक्के कापून भागवण्याची पळवाट त्या दिवसापासून बंद झाली.

१९४जे च्या पोटातही दोन कोड आहेत. `94J-A` हा तांत्रिक सेवांसारख्या दोन टक्क्यांच्या देयकांसाठी आहे आणि `94J-B` हा व्यावसायिक फीसारख्या दहा टक्क्यांच्या देयकांसाठी. वकील, डॉक्टर, अभियंता, आर्किटेक्ट, लेखापाल, अंतर्गत सजावटकार हे दुसऱ्या कोडात येतात. भाड्याचेही तसेच: यंत्रासाठी `94I-A`, जागेसाठी `94I-B`. पोर्टलवरच्या यादीत हे कोड एकाखाली एक येतात आणि माउस एक ओळ घसरला की चलन चुकते.

मग चलन दुरुस्तीचा अर्ज खरोखर कधी करायचा? कलम चुकलेल्या चलनासाठी तो करता येतो. आपल्या नोंदी स्वच्छ हव्यात म्हणून, किंवा अंतर्गत लेखापरीक्षणात आक्षेप आला म्हणून, काही संस्था तो करतातही. पण अर्जावाचून निभाव लागत नाही अशा चुका दुसऱ्या आहेत. टॅन चुकीचा पडला. एका शाखेचा कर दुसऱ्या शाखेच्या टॅनवर गेला. आर्थिक वर्ष चुकले. टीडीएसचा पैसा २८१ ऐवजी वैयक्तिक आयकराच्या चलनावर गेला. किंवा मायनर हेड चुकले. चलनावर मायनर हेड २०० म्हणजे आपण कापलेला नेहमीचा टीडीएस आणि ४०० म्हणजे खात्याने काढलेल्या मागणीपोटी भरलेली रक्कम. २०० ऐवजी ४०० पडले, तर ते पैसे मागणीच्या खात्यात दिसतात आणि आपल्या तिमाहीला कमी पडतात.

कागदी चलनांच्या काळात ही दुरुस्ती बँकेमार्फत होत असे. १ सप्टेंबर २०११ पासून त्याचे नियम ठरलेले होते. टॅन, निर्धारण वर्ष किंवा रक्कम चुकली तर चलन भरल्यापासून सात दिवसांत बँकेकडे जायचे, आणि मेजर हेड, मायनर हेड किंवा देयकाचा प्रकार, म्हणजेच कलम, चुकले तर तीन महिन्यांत. प्रत्येक चलनासाठी वेगळा अर्ज दोन प्रतींत द्यायचा, सोबत चलनाची प्रत जोडायची आणि संस्थेचा अर्ज असेल तर शिक्क्यासह अधिकारपत्र द्यायचे. बँक चलनावरचे नाव बदलत नसे. मुदत टळली की कर निर्धारण अधिकाऱ्याकडे जावे लागे.

इंटरनेटवरून भरलेल्या चलनाला बँकेचे हे दार नाही. तिथे दुरुस्ती टीडीएसच्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडून होते. विनंती ट्रेसेसवर कर कापणाऱ्याच्या लॉगिनमधून डिजिटल स्वाक्षरीने करता येते; आर्थिक वर्ष, मेजर हेड, मायनर हेड आणि कलम या गोष्टींसाठी ही सोय आहे. ती नोंदवली की अधिकाऱ्याकडे जाते आणि मंजुरी किंवा नकार तिथेच दिसतो. डिजिटल स्वाक्षरी नसेल किंवा चूक टॅनची असेल, तर लेखी अर्ज द्यावा. कुठल्या कार्यालयात द्यायचा हे टॅनवरून ठरते. टॅनची पहिली तीन अक्षरे ठिकाण सांगतात, जसे मुंबईसाठी `MUM` आणि पुण्यासाठी `PNE`, आणि अधिकाऱ्याचा नेमका वॉर्ड ई-फायलिंग पोर्टलवर टॅन टाकून शोधता येतो.

अर्ज एका पानाचा पुरतो. त्यात गोष्ट पूर्ण आली पाहिजे. संस्थेचे नाव, पत्ता आणि टॅन, चलनाचा बीएसआर कोड, तारीख, अनुक्रमांक आणि रक्कम, आर्थिक वर्ष, काय पडले आणि काय हवे होते हे दोन रकान्यांत समोरासमोर, आणि चूक कशी झाली याचे एक-दोन वाक्यांत कारण. सोबत चलनाची प्रत, टॅनच्या पत्राची प्रत, सही करणाऱ्याला दिलेल्या अधिकाराचा ठराव, आणि ज्या देयकावर कर कापला त्याचे बिल. हे चलन दुसऱ्या कुठल्याही रिटर्नमध्ये वापरलेले नाही, असे निवेदन अर्जातच करावे. एका टॅनवरून दुसऱ्या टॅनवर रक्कम हलवायची असेल, तर अधिकारी दोन्ही टॅनधारकांची संमती आणि हमीपत्र मागू शकतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि तारखेसह जपून ठेवावी.

अर्ज देण्याआधी ट्रेसेसवर चलनाची स्थिती पाहून घ्यायला हवी. तिथे टॅन आणि चलनाचा तपशील टाकला की पडलेले कलम, मायनर हेड, चलनातली उपलब्ध शिल्लक आणि ते रिटर्नमध्ये वापरले गेले की नाही हे दिसते. वापरून झालेल्या चलनाची दुरुस्ती अडते, कारण त्यातला पैसा कुणाच्या तरी २६एएसला आधीच जोडला गेलेला असतो. म्हणून चलनाची चूक कळली आणि तिला दुरुस्ती लागतेच असे दिसले, तर तिमाहीचे रिटर्न भरण्याआधी अर्ज करावा. रिटर्नची मुदत मात्र दुरुस्तीची वाट पाहत थांबत नाही. उशिराच्या प्रत्येक दिवसाला कलम २३४ई खाली २०० रुपये शुल्क लागते. मुदत अंगावर आली असेल आणि चूक फक्त कलमाची असेल, तर रिटर्नमध्ये योग्य कलम घालून ते वेळेवर भरणे हाच हिशेबाचा निर्णय.

मालमत्ता खरेदीवरचा टीडीएस या सगळ्यातून वेगळा आहे. घर किंवा जमीन ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीला घेणारा खरेदीदार एक टक्का कर वेगळ्या फॉर्ममध्ये भरतो. तिथे चलन आणि विवरण एकच असते आणि टॅन लागत नाही. त्यातली चूक ट्रेसेसवर खरेदीदाराच्या पॅनच्या लॉगिनमधून त्याच फॉर्मच्या दुरुस्तीने सुधारते. २८१ च्या चलनाची पद्धत तिथे चालत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि पगाराखेरीज बहुतेक सगळा टीडीएस एकाच कलम ३९३ च्या तक्त्यांत आला. त्या तारखेनंतरच्या व्यवहारांसाठी १९४सी आणि १९४जे हे आकडे राहिले नाहीत, पण कंत्राटाची ओळ आणि फीची ओळ वेगळ्याच आहेत आणि भरणाऱ्याला त्यांतली एक निवडावीच लागते. दुरुस्तीची मुदत मात्र आखडली आहे. जुन्या कायद्यात टीडीएस रिटर्न सुधारायला बरीच वर्षे कुठलीच मर्यादा नव्हती. नंतर १ एप्रिल २०२५ पासून सहा वर्षांची मर्यादा आली, आणि नव्या अधिनियमाने ती दोन वर्षांवर आणली: ज्या कर वर्षात रिटर्न द्यायचे होते, ते वर्ष संपल्यापासून दोन वर्षे. वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदारासारख्या कुणाला जुन्या नोंदीतले कलम सुधारून हवे असेल, तर त्याने आपले २६एएस दर तिमाहीनंतर उघडावे, चुकीची ओळ दिसताच रक्कम, तारीख आणि योग्य कलम लिहून कर कापणाऱ्याला पत्र द्यावे, आणि करेक्शन रिटर्नची पोच मागून घ्यावी.